बयाण्यावरचा एक युरो

पद्माकर खासनिसांनी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या लेखा शाखेत काढली होती, आणि निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ती शाखा काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. हॅनोव्हरला मुलाकडे तीन महिन्यांसाठी आले ते बॅगेत पंचिंग मशीन, टाचण्यांची डबी आणि हिरव्या दोऱ्याचे टॅग घेऊन. कस्टमच्या माणसाने टॅग वर धरून "हे काय?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी शांतपणे "फाइल" एवढंच उत्तर दिलं होतं.

त्यामुळे सून नंदिनीने टेंडर भरायचं म्हटलं, तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद कोणाला झाला हे सांगायलाच नको.

नंदिनी दोन वर्षं घरून डबे करून देत होती. विद्यापीठातली चौदा मराठी मुलं तिच्या आमटीवर पीएचडी करत होती, असं तिचा नवरा मयुरेश म्हणायचा. पण घरच्या स्वयंपाकघरातून धंदा वाढवता येणार नाही, त्याला वेगळं, तपासून घेतलेलं स्वयंपाकघर लागेल, असं आरोग्य खात्याच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. तसं एक तिने हेरूनही ठेवलं होतं. लिंडन भागात फ्राउ लिंडहोर्स्ट म्हणून एक म्हातारी होती. तिच्या नवऱ्याचं खाटकाचं दुकान बंद होऊन चार वर्षं झाली होती, आणि दुकानामागचं टाइल्स लावलेलं स्वयंपाकघर रिकामं पडून होतं. खाटकाच्या जागेत वरणभात शिजणार म्हटल्यावर पद्माकरांचं नाक जरा वर गेलं होतं, पण जागा पाहिल्यावर ते म्हणाले, "स्वच्छ आहे हो. आपल्या कॅन्टीनपेक्षा स्वच्छ आहे."

आणि नेमकं तेव्हाच ते टेंडर निघालं. एप्रिलमधल्या मोठ्या औद्योगिक प्रदर्शनात भारताचं दालन असणार होतं, आणि तिथल्या माणसांना दहा दिवस जेवण आणि चहा पुरवायचा होता. दालनाची व्यवस्था बघणाऱ्या सरकारी मंडळाने हॅनोव्हरच्या स्टेशनजवळ दोन खोल्या भाड्याने घेऊन तात्पुरतं कार्यालय थाटलं होतं. जागा जर्मनीतली असली तरी नियम दिल्लीचे होते. दोन लिफाफे, एकात तांत्रिक कागद, दुसऱ्यात दर. आणि सोबत बयाणा रक्कम, म्हणजे ईएमडी, पंधराशे युरो.

नंदिनीने ते पैसे स्वतःच्या खात्यातून काढले. डब्यांतून जमलेले, दोन वर्षांचे. मयुरेश म्हणाला होता, "मी घालतो की." त्यावर ती म्हणाली, "घरचे पैसे घातले की उद्या ते घरचंच काम होतं, मयुरेश. हे मला माझंच करायचंय." पद्माकरांना ते ऐकून फार बरं वाटलं. त्यांच्या घराण्यात असं कोणी बोललं नव्हतं.

फक्त पैसे भरायच्या दिवशी त्यांनी एक सुधारणा सुचवली.

"पंधराशे नको. पंधराशे एक भर."

"बाबा, टेंडरमध्ये पंधराशे लिहिलंय."

"कमी भरलं तर टेंडर बाद होतं. जास्त भरलं म्हणून कोणाचं बाद झालेलं मी बत्तीस वर्षांत पाहिलं नाही. शून्यावर शुभकार्य थांबवू नये अगं. वरचा एक असला की काम पुढे चालू राहतं."

नंदिनीने मयुरेशकडे पाहिलं. मयुरेशने छताकडे पाहिलं. आणि पंधराशे एक युरो बँकेतून मंडळाच्या खात्यावर गेले. चार दिवसांनी पावती आली. पावती क्रमांक अठ्ठेचाळीस, दिनांक नऊ जानेवारी दोन हजार सात, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत. पद्माकरांनी ती देवापुढे ठेवली, मग प्लास्टिकच्या पिशवीत घातली, मग फाइलला लावली.

टेंडर मिळालं नाही. फ्रँकफर्टच्या एका मोठ्या केटररचा दर ताटामागे चाळीस सेंटने कमी होता, आणि एक फेब्रुवारीला काम त्याला देण्यात आल्याचं पत्र आलं. नंदिनीने ते बसून दोनदा वाचलं. मग उठली, चौदा डबे भरले, आणि म्हणाली, "ठीक आहे. दहा दिवसांचं काम गेलं. स्वयंपाकघर तर कुठे गेलं नाही ना." तिने फ्राउ लिंडहोर्स्टशी बोलून घेतलं. म्हातारी म्हणाली, अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत जागा ठेवते. त्या दिवशी काउत्सिओन, म्हणजे तीन महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत, पंधराशे युरो, हातात पाहिजे. नाहीतर तिच्या भाच्याला तिथे मोटरसायकली ठेवायच्या होत्या आणि तो रोज फोन करत होता.

पंधराशे द्यायचे होते आणि पंधराशे मंडळाकडून यायचे होते. हिशेब सरळ होता.

"पत्राचं माझ्याकडे सोपव," पद्माकर म्हणाले. "काम दिल्यापासून तीस दिवसांच्या आत बाकीच्यांचा बयाणा परत करायचा, असा नियमच आहे. पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. आणि मागायची एक रीत असते."

ती रीत पार पाडायला त्यांना पूर्ण आठवडा लागला. मसुदा, मसुद्यावर दुरुस्ती, दुरुस्तीवर दुरुस्ती. सात वर्षांची नात अन्वी त्यांच्या टेबलाखाली बसून चित्रं काढायची आणि अधूनमधून विचारायची, "ओपा, बिस्ट डू फेर्टिश?" झालं का आजोबा, असं. पद्माकर मराठीत सांगायचे, "अगं, सरकारला पत्र आहे, मैत्रिणीला नाही." शेवटी नऊ फेब्रुवारीला पत्र गेलं. विषय: बयाणा रक्कम परत मिळणेबाबत. संदर्भ: निविदा क्रमांक, दिनांक. पावती क्रमांक अठ्ठेचाळीस. परत मिळायची रक्कम: पंधराशे युरो फक्त.

"पंधराशे एक ना बाबा?" नंदिनीने वाचताना विचारलं होतं.

"वरचा एक परत मागायचा नसतो. शकुनाचा असतो तो. राहू दे त्यांच्याकडे."

नंदिनीने खांदे उडवले. एका युरोवरून सासऱ्यांशी वाद घालण्याइतका वेळ तिच्याकडे नव्हता, डाळ उतू जात होती.

बावीस तारखेला, गुरुवारी, उत्तर आलं. पद्माकरांनी चष्मा पुसून ते वाचलं, आणि वाचता वाचता खुर्चीत बसले.

दावा मंजूर करता येत नाही. त्रुटी पुढीलप्रमाणे. एक, दाव्यातली रक्कम पावतीतल्या रकमेशी जुळत नाही. दोन, मूळ पावतीऐवजी झेरॉक्स जोडली आहे. तीन, अर्जावर आणि पैसे मिळण्याआधीच द्यायच्या आगाऊ पोचपावतीवर मालकाऐवजी दुसऱ्याच व्यक्तीची सही असून अधिकारपत्र नाही. पूर्तता करावी. खाली सही होती, वासंती बोकारे, लेखा अधिकारी, आणि पेनने एक ओळ: समक्ष आल्यास सोयीचे होईल, साडेनऊ ते बारा.

तीन त्रुटी, आणि तिन्ही त्यांच्या. मूळ पावती हातची सोडायची नाही, हा त्यांचाच बाणा. मालकाच्या नावाआधी 'फॉर', म्हणजे 'करिता', लिहून झोकात सही ठोकली तीही त्यांनीच. आणि तो एक युरो. पद्माकरांना घाम फुटला. बाहेर बर्फ पडत होतं आणि त्यांना घाम फुटला होता.

नंदिनीने कॅलेंडरकडे पाहून बोटांवर मोजलं. "उद्या शुक्रवार. मग शनिवार-रविवार. सोम, मंगळ, बुध. बँकेतून यायला दोन-तीन दिवस लागतात, बाबा. उद्या निघाले तरच." मग म्हणाली, "नाही आले तर जाऊ दे. भाच्याच्या मोटरसायकली येतील. मी मयुरेशकडे मागणार नाहीये, आणि तुम्हीही सांगू नका त्याला."

तिच्या आवाजात राग नव्हता, हे खरं. राग असता तर पद्माकरांना सोपं गेलं असतं.

अंथरुणावर पडल्यावर त्यांना त्या पत्राची एकच गोष्ट खटकत राहिली. तीन त्रुटी, एकाच पत्रात? असं कोण करतं? त्यांच्या शाखेत एका पत्रात एकच त्रुटी काढायची पद्धत होती. पूर्तता आली की दुसरी. तीही आली की तिसरी. असं केलं की फाइल आपल्या टेबलावर राहत नाही, कायम पोस्टात असते, आणि महिन्याच्या तक्त्यात प्रलंबित म्हणून दिसत नाही. ही युक्ती त्यांना त्यांच्या साहेबांनी शिकवली होती आणि त्यांनी पुढे चार जणांना शिकवली होती. त्यात काही चुकीचं आहे असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं.

सकाळी सासरे-सून दोघं ट्रामने स्टेशनवर उतरून नऊ पंचवीसला कार्यालयाच्या दारात उभे होते. वासंती बोकारे पन्नाशीच्या, नागपूरकडच्या, स्वेटरवर शाल आणि शालीवर कोट. टेबलावर हीटर, हीटरवर हात.

"या, बसा. खासनीस म्हणजे तुम्हीच वाटतं? पत्र वाचून मला वाटलंच, हा माणूस आपल्यातला आहे. 'रिस्पेक्टफुली सबमिटेड' आजकाल कोणी लिहीत नाही जी."

पद्माकर सुखावले. सुखावायची वेळ नव्हती, पण सुखावले. मग म्हणाले, "बाई, मीही बत्तीस वर्षं लेखा शाखेतच होतो. मूळ पावती आणली आहे. मालक स्वतः सही करतील. राहता राहिला तो एक युरो. त्याचं असं आहे, तो शकुनाचा आहे. तो आम्हाला नको. तुम्ही पंधराशे परत करा, वरचा एक सरकारजमा करून टाका."

"कोणत्या शीर्षाखाली? कोणत्या खात्यात दाखवू?"

पद्माकरांचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला.

"तुम्हीच सांगा ना," वासंतीबाई म्हणाल्या. "तुम्ही बत्तीस वर्षं हेच केलंत. ठेवींच्या रजिस्टरला तुमच्या नावावर पंधराशे एक जमा आहेत. मी पंधराशे दिले, तर एक युरो शिल्लक राहतो. ती नोंद बंद होत नाही. ती सरकारजमा करायची तर दिल्लीची मंजुरी पाहिजे. मंजुरीला कारण पाहिजे. कारण काय लिहू, शकुन? प्रदर्शन संपलं की मे महिन्यात आम्ही हे ऑफिस गुंडाळणार. मी नागपूरला जाईन, आणि तुमचा हा युरो दर वर्षी ऑडिटमध्ये मला शोधत येईल. एक तर पूर्ण पंधराशे एक घ्या, नाही तर फाइल इथेच राहील."

नंदिनीला हसू आवरेना. तिने तोंडाला रुमाल लावला. पद्माकर मात्र हसले नाहीत, कारण हाच मुद्दा, अगदी याच शब्दांत, त्यांनी एकदा स्वतः लिहून पाठवला होता.

चारुलता शेवडे. हे नाव त्यांना इतक्या वर्षांनी, त्या परक्या गावात, हीटरच्या उबेत बसल्या बसल्या आठवलं. आंबेखिंडच्या बायकांच्या बचत गटाची ती अध्यक्ष होती. शाळांना मसाला पुरवायचं टेंडर त्यांनी भरलं होतं, मिळालं नव्हतं, आणि तीन हजारांचा बयाणा परत मागितला होता. दाव्यात आणि पावतीत दहा रुपयांचा फरक होता. नोंद बंद होत नाही, असं लिहून पद्माकरांनी ती त्रुटी काढली. मग रेव्हेन्यू स्टँप नाही ही. मग गटाचा शिक्का नाही ही. एका पत्रात एक, अशी सात पत्रं, सात महिने. शेवटी ती बाई एसटीने आली आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली. आत बोलावल्यावर एवढंच म्हणाली, "साहेब, सगळं एकदाच सांगितलं असतं तर बायकांना चटणीची मिरची उधार घ्यावी लागली नसती." त्यावर पद्माकर म्हणाले होते, "नियमाप्रमाणेच चाललंय, बाई." आणि ते खरंही होतं. एकही नियम मोडला नव्हता.

"काय झालं?" वासंतीबाईंनी विचारलं. "पाणी देऊ का?"

"नको." पद्माकर खाकरले. "बाई, तुम्ही तिन्ही त्रुटी एकाच पत्रात काढल्यात. का?"

वासंतीबाईंनी त्यांच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "मग किती पत्रांत काढायच्या असतात? माणसाने तीनदा का यावं?"

पद्माकरांना लाज वाटली, सरळसरळ लाज, आणि ती त्यांनी चष्मा पुसून झाकली.

"अहो बाबा, लिहा ना," नंदिनी म्हणाली. "साडेदहा वाजले."

मग त्यांनी लिहिलं. आठवड्याचा मसुदा नाही, दुरुस्ती नाही. वीस मिनिटांत, तिथल्याच कोऱ्या कागदावर. विषय: बयाणा रक्कम परत मिळणेबाबत. वरील निविदेचे काम आम्हास मिळाले नसल्याने, आम्ही भरलेली बयाणा रक्कम युरो १,५०१, अक्षरी पंधराशे एक फक्त, पावती क्रमांक ४८, दिनांक ९ जानेवारी २००७, परत मिळावी. मूळ पावती सोबत जोडली आहे. रक्कम ज्या खात्यातून भरली त्याच खात्यावर जमा करावी. खाली खाते क्रमांक, बँकेचा क्रमांक. मजकूर ते मराठीत पुटपुटत होते आणि इंग्रजीत उतरवत होते. खाली नंदिनीने सही केली, आगाऊ पोचपावतीवरही केली, आणि पर्समधून शिक्का काढून उमटवला. वासंतीबाईंनी एकेक आकडा बोट ठेवून पावतीशी ताडला, रजिस्टर उघडून अठ्ठेचाळीसच्या ओळीशी ताडला, टिपण लिहिलं, आणि आतल्या खोलीत गेल्या.

आत कुमार नावाचे साहेब होते आणि दुसरी सही त्यांची लागत होती. ते बारा वाजता प्रदर्शनाच्या मैदानावर जाणार होते. अकरा पन्नास झाले. नंदिनी ओठ चावत होती. पद्माकर बाहेरच्या पॅसेजमधल्या बाकावर बसले होते. आपण बाकावर बसलोय, हेही त्यांच्या लक्षात आलं.

बाराला पाच कमी असताना वासंतीबाई बाहेर आल्या. "झालं जी. बँकेचा फॉर्म दुपारीच जातो. बाकी तुमच्या बँकेच्या हातात."

नंदिनीने त्यांचा हात धरला. "जागा मिळाली की पहिलं ताट तुम्हाला."

"मिळाली की विकत घेईन," वासंतीबाई म्हणाल्या. "आणि पूर्ण किमतीला. मला इथे सूप पिऊन पिऊन कंटाळा आलाय."

सोमवारी खात्यावर काही नव्हतं. मंगळवारी नव्हतं. मंगळवारी फ्राउ लिंडहोर्स्टचा फोन आला, भाचा ट्रेलर घेऊन बघून गेला म्हणून. पद्माकरांनी त्या दोन दिवसांत तीन वेळा मयुरेशच्या अभ्यासिकेच्या दारापर्यंत जाऊन परत यायचं काम केलं. सुनेला शब्द दिला नव्हता, पण तिने मागितला होता, आणि तेवढं त्यांना पुरेसं होतं.

बुधवारी सकाळी नऊ वाजता नंदिनी बँकेतून आली ती जिना चढत, धापा टाकत. "आले! पंधराशे एक. पूर्ण!" पद्माकरांचा जीव भांड्यात पडला. अन्वी शाळेत होती म्हणून, नाहीतर त्यांनी तिला उचललंच असतं, पाठीचं काहीही होवो.

दुपारी दोघं लिंडनला गेले. टाइल्सच्या स्वयंपाकघरात ओट्यावर फ्राउ लिंडहोर्स्टने नोटा मोजल्या, दोनदा. "आल्झो, फ्युन्फत्सेनहुंडर्ट. गेनाऊ." बरोबर पंधराशे, असं. मग एका वहीतून क्विटुंग फाडून दिली. नंदिनीने पावती न बघताच पद्माकरांच्या हातात दिली, कारण पावती वाचणं हे त्या घरात कोणाचं काम आहे ते ठरलेलं होतं. त्यांनी रक्कम आकड्यांत वाचली, अक्षरांत वाचली, तारीख वाचली. ठीक होतं. सगळं ठीक होतं.

"वर एक दे म्हणाला नाहीत आज?" नंदिनीने चिडवलं.

"नको अगं. बाईला कोणत्या शीर्षाखाली घेऊ हे कळणार नाही."

ती मोठ्याने हसली. रिकाम्या स्वयंपाकघरात तो आवाज घुमला, आणि मग तिने एकदम डोळे पुसले, नळ सोडून पाहिला, बंद केला, पुन्हा सोडला. माझं, असं ती हळूच म्हणाली. भिंतीला की स्वतःला, ते पद्माकरांनी विचारलं नाही. मग पर्समधून एक युरोचं नाणं काढून तिने त्यांच्या तळहातावर ठेवलं. "हा तुमचा शकुन. आता काय करायचं ते तुम्ही बघा."

येताना कोपऱ्यावरच्या पोस्टात पद्माकर थांबले. हॅनोव्हरचा टाउन हॉल छापलेलं एक कार्ड अन्वीने त्यांना वाढदिवसाला दिलं होतं, ते कोटाच्या खिशात होतं. भारतात कार्ड पाठवायला किती, असं त्यांनी बोटांनी आणि भुवयांनी विचारलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, एक युरो. त्यांनी तळहात उघडून नाणं पुढे सरकवलं.

पत्ता शोधावा लागला नाही. तो त्यांना पाठ होता, सात पाकिटांवर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता. श्रीमती चारुलता शेवडे, मु. पो. आंबेखिंड. मग त्यांनी पेन टेकवलं, आणि सवयीने आधी डाव्या कोपऱ्यात लिहिलं: विषय: आपली बयाणा रक्कम परत करण्यास माझ्याकडून झालेल्या उशिराबाबत.

पुढच्या ओळीला त्यांचा हात जरा थांबला. मग त्यांनी कारण म्हणून काही लिहिलं नाही. चूक माझी होती, एवढंच लिहिलं, आणि खाली 'करिता' न लावता सही केली.